पडद्यावरची उभी रेघ: बिघाड पॅनलचा की केबलचा?

लॅपटॉप पलंगाच्या कडेवरून घसरून सतरंजीवर पडतो. उंची जेमतेम दीड फूट. उचलून पाहिलं तर कोपऱ्याला पोचा नाही, काचेला तडा नाही, यंत्र नेहमीसारखं सुरूही होतं. फक्त पडद्याच्या उजव्या बाजूला वरपासून खालपर्यंत एक हिरवी रेघ उभी असते आणि तिच्याशेजारी दोन-तीन गुलाबी. यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलं तरी रेघा जागच्या जागी.

दुकानात नेल्यावर बहुतेक वेळा दोनपैकी एक उत्तर मिळतं. ‘केबल लूज झाली असेल, बघतो’ हे पहिलं आणि ‘डिस्प्ले गेला, बदलावा लागेल’ हे दुसरं. केबलचं काम थोडक्यात आटोपतं, पॅनलचा खर्च त्याच्या कितीतरी पट. त्यामुळे पहिलं उत्तर कानाला गोड लागतं आणि ग्राहक केबल बदलून घेतो. रेघ जात नाही. मग पॅनल बदललं जातं आणि दोन्हींचे पैसे जातात. याच्या उलटही होतं. बिजागरीपाशी केबल चेमटलेली असते आणि दुकानदार थेट नवं पॅनल बसवून मोकळा होतो. या दोन्ही चुका टाळता येतात, कारण बिघाड कुठे आहे ते रेघेच्या रूपावरूनच बऱ्याच अंशी कळतं. त्यासाठी आधी चित्र पडद्यापर्यंत कसं पोहोचतं ते समजून घ्यायला हवं.

आज सर्वाधिक दिसणारा पडदा घेऊ: १५.६ इंची, आडवे १९२० आणि उभे १०८० पिक्सेल. यातला प्रत्येक पिक्सेल तीन बारीक उभ्या तुकड्यांचा असतो, लाल, हिरवा आणि निळा. म्हणजे पडद्यावर डावीकडून उजवीकडे १९२० गुणिले ३, एकूण ५७६० उभ्या रांगा होतात. पडद्याची रुंदी सुमारे ३४४ मिलिमीटर, तेव्हा एका रांगेच्या वाट्याला साधारण ०.०६ मिलिमीटर येतात. या प्रत्येक रांगेसाठी काचेवर एक स्वतंत्र, अतिसूक्ष्म वाहक तार घडवलेली असते. चित्र रंगवताना आडव्या ओळी वरून खाली एकेक करून जाग्या केल्या जातात आणि जी ओळ जागी असेल तिच्यातल्या प्रत्येक तुकड्याने किती उजळायचं ते त्याच्या रांगेची उभी तार सांगते. हे सगळं सेकंदाला साठ वेळा घडतं.

त्या ५७६० तारा काचेच्या खालच्या कडेशी येऊन संपतात. तिथे लवचीक फिल्मवर बसवलेल्या चिप असतात. त्यांना ड्रायव्हर म्हणतात. समजा एक चिप ९६० रांगा सांभाळत असेल, तर या पडद्याला अशा सहा लागतात. फिल्म आणि काच यांच्यात डाग दिलेला नसतो. तीन ते पाच मायक्रॉन जाडीचे वाहक कण मिसळलेली एक चिकट पट्टी मध्ये ठेवून, उष्णता आणि दाब देऊन दोन्हींना जोडलेलं असतं. शेजारशेजारच्या दोन जोडांमधलं अंतर मिलिमीटरच्या काही शतांश भागांएवढंच. पडण्याच्या धक्क्यात पॅनल क्षणभर पिळवटलं तर सगळ्यात आधी हा भाग दगा देतो. काच शाबूत राहते, पण खालच्या कडेचे दोन-चार जोड सुटतात आणि तेवढ्याच रांगा चिपपासून तुटतात. काचेला काही झालं नाही म्हणून पडदा ठीक असणार, हा अंदाज इथेच फसतो.

आता केबल. मदरबोर्डवरून निघून बिजागरीतून पडद्याकडे जाणाऱ्या डिस्प्ले केबलीत ५७६० तारा नसतात. आजच्या लॅपटॉपमध्ये ईडीपी नावाची पद्धत वापरतात. तिच्यात असं पॅनल चालवायला चित्राच्या माहितीसाठी तारांच्या दोन जोड्या, म्हणजे फक्त चार तारा पुरतात. वर वीज, प्रकाशाचं नियंत्रण आणि काही किरकोळ संकेत यांच्या तारा. सेकंदाला सुमारे तीन अब्ज बिट माहिती त्या चार तारांमधून एकामागून एक धावते. पॅनलच्या तळाशी असलेल्या अरुंद पट्टीवर टायमिंग कंट्रोलर नावाची चिप बसलेली असते. ती ही माहिती उलगडते आणि कुठला आकडा कुठल्या रांगेचा ते ठरवून ड्रायव्हर चिपांना वाटून देते. सगळ्या गावांचे प्रवासी एकाच एसटीत बसलेले असावेत तशी ही व्यवस्था आहे. घाटात गाडी बंद पडली तर एकट्या तिसऱ्या गावचे प्रवासी अडकून बाकीचे घरी पोहोचले असं होत नाही.

पॅनल आणि केबल वेगळी ओळखण्याचा पाया हाच. केबलीत अमुक एका रांगेची स्वतःची अशी तार नसतेच, त्यामुळे केबल बिघडून नेमकी एकच रेघ, त्याच जागी, दिवसेंदिवस स्थिर उभी राहणं जवळपास अशक्य आहे. केबल बिघडली की त्रास संपूर्ण पडद्याला होतो. चित्र थरथरतं, सगळीकडे रंगीत मुंग्या येतात, पडदा क्षणभर काळा होऊन परत येतो किंवा मुळीच येत नाही. बारीक, स्थिर, वरपासून खालपर्यंत गेलेली रेघ हे काचेचं किंवा तिच्या कडेवरच्या जोडाचं दुखणं असतं. रेघेऐवजी पाच-सहा सेंटिमीटर रुंदीचा अख्खा उभा पट्टा गेला असेल, तर एक पूर्ण ड्रायव्हर चिप किंवा तिची फिल्म निकामी झाली असं समजावं. वरच्या उदाहरणात ३४४ मिलिमीटरना सहाने भागलं की हीच रुंदी येते. आणि रेघ तळापासून सुरू न होता मध्येच कुठेतरी सुरू होऊन वर जात असेल, तर तार काचेच्या आतच त्या बिंदूपाशी तुटली आहे. तिथे कडेचा जोड दाबून पाहण्यात अर्थ नाही.

एक अपवाद मात्र लक्षात ठेवावा लागतो. साधारण २०१३ पूर्वीच्या लॅपटॉपमध्ये एलव्हीडीएस नावाची जुनी पद्धत होती. तिच्यातल्या जास्त पिक्सेलच्या पडद्यांना माहिती दोन वाटांनी मिळायची, एका वाटेने सम क्रमांकाच्या रांगांची आणि दुसऱ्या वाटेने विषम. यातली एक वाट केबलीत तुटली तर एक सोडून एक रांग बिघडते आणि पडदाभर विणल्यासारख्या बारीक उभ्या रेघा दिसतात. जोडीतली एखादी दुसरी तार गेली तर सगळ्या चित्राचा रंगच फाटतो, सावल्यांच्या जागी ठिगळं दिसतात. म्हणजे जुन्या यंत्रातही केबलच्या दोषाची खूण तीच राहते: तो पडदाभर पसरतो, एका कोपऱ्यात गप्प उभा राहत नाही.

केबलचा दोष कसा वागतो याचं गाजलेलं उदाहरण ॲपलच्या २०१६ च्या मॅकबुक प्रोचं आहे. त्यात पडद्यामागच्या प्रकाशाला वीज देणारी चपटी लवचीक केबल बिजागरीवरून वळसा घेत होती आणि झाकण उघडमिट करताना दर वेळी ताणली जात होती. काही महिन्यांच्या वापरानंतर पडद्याच्या तळाशी रंगमंचावरच्या दिव्यांसारखे प्रकाशाचे झोत दिसू लागत. पुढे झाकण एका ठरावीक कोनापलीकडे उघडलं की प्रकाश जायचा आणि थोडं मिटलं की परत यायचा. २०१८ च्या नमुन्यात ही केबल सुमारे दोन मिलिमीटरने लांब केल्याचं आयफिक्सिटने उघडून दाखवलं आणि मे २०१९ मध्ये ॲपलने १३ इंची नमुन्यासाठी मोफत दुरुस्तीची योजना जाहीर केली. ही केबल चित्राची नव्हे, प्रकाशाची होती, तरी तिचा स्वभाव सगळ्या बिजागरी-केबलींना लागू पडतो. दोष कोनाबरोबर बदलतो. पडद्यावरची जागा त्याला ठाऊक नसते, झाकण किती उघडलं ते ठाऊक असतं.

आता सुरुवातीच्या हिरव्या-गुलाबी रेघांकडे. अशा यंत्राची तपासणी स्क्रू न उघडता घरी करता येते आणि तिचा क्रम महत्त्वाचा आहे, कारण आधीच्या पायरीने पुढचे संशयित कमी होत जातात.

पहिल्यांदा स्क्रीनशॉट काढून तो फोनवर पाठवायचा आणि फोनवर पाहायचा. त्यात रेघा नसतील तर विंडोज किंवा एखादं सॉफ्टवेअर त्या काढत नाही. मग यंत्र बंद करून सुरू करताना F2, F10, Esc किंवा Delete, जी कळ त्या कंपनीची असेल ती दाबून बायोसच्या पानावर जायचं. तिथेही रेघा तशाच दिसल्या तर ड्रायव्हर सॉफ्टवेअर नव्याने टाकण्यात वेळ घालवू नये, कारण या पानावर विंडोज अजून उठलेलंच नसतं. तिसरी पायरी म्हणजे एचडीएमआय वायरने घरातला टीव्ही जोडणं. टीव्हीवर चित्र स्वच्छ आलं तर ग्राफिक्स चिप सुटली असं बहुतेक वेळा धरता येतं. टीव्हीवरही रेघा किंवा चौकटी आल्या तर बिघाड मदरबोर्डवर आहे आणि पॅनल-केबलचा वादच संपतो. आपल्या उदाहरणात स्क्रीनशॉट स्वच्छ, टीव्ही स्वच्छ आणि बायोसमध्ये रेघा हजर. उरले तिघे: पॅनल, केबल आणि मदरबोर्डवरचा केबलचा सॉकेट.

पुढची पायरी रंगांची. पूर्ण पडदा एका रंगाने भरून रेघ कशी वागते ते पाहायचं. त्यासाठी काही डाउनलोड करावं लागत नाही. ब्राउझरच्या पत्त्याच्या जागी पुढची ओळ टाइप करून एंटर मारायचं आणि F11 दाबून पान पूर्ण पडदाभर करायचं:

```
data:text/html,<body bgcolor=black>
```

black च्या जागी white, red, lime आणि blue घालून हेच पुन्हा करायचं. हिरव्यासाठी lime, कारण green लिहिलं तर ब्राउझर अर्ध्याच तेजाचा हिरवा देतो. डेलच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये D कळ दाबून धरून यंत्र सुरू केलं की पडदा स्वतःच असे रंग एकामागून एक दाखवतो. त्यासाठी विंडोज सुरू होण्याचीही गरज नसते.

उदाहरणातली हिरवी रेघ काळ्या पानावर लख्ख दिसते, पांढऱ्या आणि हिरव्या पानावर पूर्ण मिसळून जाते. याचा अर्थ हिरव्या रंगाची ती रांग कायमची पेटलेली आहे. गुलाबी रेघांचं उलट. काळ्यावर त्या नाहीशा होतात, पांढऱ्यावर गुलाबी दिसतात आणि हिरव्या पानावर काळ्या. पांढऱ्यातून हिरवा वजा केला की गुलाबी उरतो, म्हणजे तिथल्या हिरव्या रांगा मेलेल्या आहेत, शेजारच्या लाल आणि निळ्या जिवंत आहेत. ०.०६ मिलिमीटर रुंदीची एकेकटी रांग निवडून मारणं चार तारांच्या केबलीला जमणारं नाही. इथे संशयाचा काटा पॅनलकडे ठामपणे झुकतो.

तरीही झाकण हलवून पाहायलाच हवं आणि ही पायरी बहुतेक जण चुकीची करतात. एका हाताने एक कोपरा धरून झाकण मागेपुढे केलं की बिजागरीबरोबर पॅनलही पिळलं जातं. सुटलेला जोड त्या पिळाने क्षणभर टेकतो, रेघ लुकलुकते आणि पाहणारा म्हणतो, केबलच. खरं तर हललेला होता काचेच्या कडेचा जोड. म्हणून झाकण दोन्ही हातांनी, दोन्ही बाजूंना सारख्या उंचीवर धरून, सावकाश अर्धवट मिटलेल्या स्थितीपासून पूर्ण उघडेपर्यंत न्यावं. तेव्हा रेघ ढिम्म राहिली तर केबल जवळपास निर्दोष. मग झाकण स्थिर ठेवून, पडद्याखालच्या प्लास्टिकच्या चौकटीवर, रेघेच्या बरोबर खाली, बोटाने हलका दाब द्यावा. काचेवर नाही, चौकटीवर, आणि तोही हलकाच. आपल्या उदाहरणात इथे एक गुलाबी रेघ नाहीशी होते आणि बोट उचललं की परत येते. झाकण न हलवता, फक्त त्या जागी दाबल्याने रेघ बदलते ही सुटलेल्या जोडाची खूण आहे. उलट, दोन हातांनी झाकण सरळ फिरवताना ठरावीक कोनात सबंध चित्र फडफडलं असतं आणि चौकट दाबून काहीच झालं नसतं, तर गुन्हेगार केबल ठरली असती.

दाबल्यावर रेघ जाते म्हणून चौकटीच्या आत कागदाची घडी किंवा फोमचा तुकडा बसवून देणारे लोक भेटतात. पुढच्या काही उघडमिटींत घडी सरकते. शिवाय सततच्या दाबाने शेजारचे चांगले जोडही सुटू लागतात आणि एका रेघेच्या जागी पट्टा तयार होतो. सुटलेली फिल्म पुन्हा चिकटवण्याची यंत्रं असतात, पण ती टीव्हीच्या मोठ्या, महाग पॅनलसाठी वापरली जातात. लॅपटॉपच्या पॅनलवर तेवढी मेहनत सहसा परवडत नाही. त्यामुळे जोड सुटला असेल तर उपाय पॅनल बदलणं हाच. घाई नसेल तर रेघेसकट काम चालू ठेवायलाही हरकत नाही. आतल्या फायलींना यापासून कसलाच धोका नसतो आणि बाहेरचा मॉनिटर लावून यंत्र वर्षानुवर्षं वापरता येतं.

घरच्या तपासणीला मर्यादा आहे. धक्क्याने केबलचं टोक पॅनलच्या मागच्या सॉकेटमधून तिरकं निसटलेलं असू शकतं. पॅनलच्या तळाची अरुंद पट्टीही तडकलेली असू शकते आणि तिचा दोष कधी केबलसारखा, कधी पॅनलसारखा वागतो. अंतिम निकाल एकाच गोष्टीने लागतो: यंत्राच्या आहे त्या केबलीला दुकानातलं चालू स्थितीतलं पॅनल जोडून पाहणं. काम काही मिनिटांचं असतं. नव्या पॅनलवर चित्र स्वच्छ आलं तर केबल आणि सॉकेट दोन्ही सुटले. तोच त्रास राहिला तर पॅनल विकत घेण्याची गरज नाही, केबलीकडे वळावं. ‘आधी केबल बदलून बघू’ म्हणणाऱ्या दुकानात ग्राहकाने ही एक मागणी धरून ठेवावी. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात किंवा जिल्ह्याच्या गावातल्या बऱ्यापैकी दुरुस्तीच्या दुकानात तपासणीपुरतं १५.६ इंची पॅनल पडलेलं असतं. वॉरंटी चालू असेल तर मात्र उघडण्याआधी तिच्या अटी वाचाव्यात. पडून झालेलं नुकसान साध्या वॉरंटीत सहसा बसत नाही, त्यासाठी अपघाती नुकसानीचं वेगळं संरक्षण घेतलेलं असावं लागतं.

ज्यांना घरीच उघडायचं आहे त्यांनी एका गोष्टीत अजिबात सवलत घेऊ नये. चार्जर काढणं पुरेसं नाही. खालचं झाकण उघडून बॅटरीचा कनेक्टर सोडवल्यावरच डिस्प्ले केबलला हात लावायचा. या केबलीतल्या काही तारांवर पडद्याच्या प्रकाशासाठी बॅटरीचा दाब असतो आणि त्यांच्या शेजारच्या पिना फार जवळ असतात. बॅटरी जोडलेली असताना केबल तिरकी ओढली की दोन पिना क्षणभर एकमेकींना टेकतात आणि मदरबोर्डवरचा प्रकाशाचा फ्यूज उडतो. मग रेघेची तक्रार घेऊन बसलेल्या माणसाला पूर्ण काळा पडदा पाहावा लागतो. केबलचं टोक पारदर्शक टेपने आणि कधी धातूच्या छोट्या कडीने धरलेलं असतं. टेप सोडवायची, कडी उचलायची आणि टोक पॅनलला समांतर ओढायचं. वर उचलून काढू नये, सॉकेट उपटून येतो.

नवं पॅनल घेताना लॅपटॉपचं मॉडेल सांगून भागत नाही, कारण एकाच मॉडेलमध्ये कंपन्या दोन-तीन वेगवेगळ्या उत्पादकांची पॅनलं बसवतात. जुन्या पॅनलच्या पाठीवरच्या लेबलचा फोटो काढावा. NV156FHM ने सुरू होणारा क्रमांक बीओईचा, B156HAN ने सुरू होणारा एयूओचा, N156HCA ने सुरू होणारा इनोलक्सचा. तिन्हींतल्या 156 चा अर्थ १५.६ इंच. उत्पादक वेगळा चालतो, पण सॉकेट ३० पिनांचा की ४० पिनांचा, तो पाठीमागे कुठे आहे आणि कडेला स्क्रूच्या पट्ट्या आहेत की नाहीत, या तीन गोष्टी जुळल्याच पाहिजेत. ३० पिनांची केबल ४० पिनांच्या सॉकेटमध्ये बसत नाही.

पॅनल जोडल्यावर चौकट लगेच बसवू नये. काचेवरची संरक्षक फिल्म तशीच ठेवून यंत्र सुरू करावं, पाचही रंगांची पानं एकदा पाहावीत आणि दोन्ही हातांनी झाकण हळू पूर्ण उघडून मिटून बघावं. एकही रेघ किंवा फडफड नसेल तरच फिल्म सोलायची, कारण ती सोललेलं पॅनल बरेच विक्रेते परत घेत नाहीत.